व्याजदर शून्यावर, तरी कर्जदार फिरकेनात: रोखता सापळ्याची पार्श्वभूमी

अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये एक शक्यता मांडून ठेवली होती. व्याजदर फारच खाली गेला की रोखे घेण्यात लोकांना रस उरत नाही. मिळणारं व्याज नगण्य असतं, आणि पुढे दर थोडा जरी वाढला तरी रोख्याची किंमत पडून त्या व्याजापेक्षा मोठा तोटा व्हायची भीती असते. मग पैसा रोख स्वरूपातच ठेवलेला बरा वाटतो. मध्यवर्ती बँकेने आणखी पैसा ओतला तरी तो लोकांच्या आणि बँकांच्या हातात नुसता पडून राहतो आणि दर आणखी खाली येत नाही. याचं प्रत्यक्ष उदाहरण आपल्याला अजून माहीत नाही, असंही केन्स यांनी तिथेच प्रांजळपणे लिहिलं होतं. या स्थितीलाच रोखता सापळा म्हणतात, पण 'सापळा' हा शब्द त्यांचा नव्हे. तो अर्थतज्ज्ञ डेनिस रॉबर्टसन यांच्या लिखाणातून रूढ झाला.

पुढे कित्येक दशकं महागाई हीच जगाची डोकेदुखी होती, त्यामुळे हा सापळा पाठ्यपुस्तकातल्या आलेखापुरता उरला. तो पुन्हा चर्चेत आला जपानमुळे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस टोकियोत जमीन आणि शेअर यांचे भाव बेफाम वाढले. निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९०० च्या वर पोहोचला. ही सूज उतरवण्यासाठी तिथली मध्यवर्ती बँक, बँक ऑफ जपानने ऑगस्ट १९९० पर्यंत आपला मुख्य दर ६ टक्क्यांवर नेला. फुगा फुटला आणि १९९१ पासून दर उलट उतरू लागले. सप्टेंबर १९९५ मध्ये ते अर्ध्या टक्क्यावर होते, तर फेब्रुवारी १९९९ मध्ये बँकांमधल्या एका रात्रीच्या उसनवारीचा दर जवळजवळ शून्य झाला.

इतक्या स्वस्त पैशाला गिऱ्हाईक का मिळेना? समजा, एका कंपनीने १०० कोटी येन कर्ज काढून तेवढ्याच किमतीची जमीन घेतली आणि आता त्या जमिनीला ३० कोटीच मिळतात. धंदा चालू आहे, महिन्याला नफाही होतो, पण ताळेबंदात ७० कोटींचं भगदाड आहे. अशा मालकाला व्याज ६ टक्के की शून्य, हा प्रश्नच पडत नाही. हाती येणारा प्रत्येक येन तो जुनं कर्ज फेडायला वापरतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कू यांनी जपानच्या मंदीचं स्पष्टीकरण याच चित्रावरून दिलं. एका कंपनीसाठी हे शहाणपणाचं आहे, पण सगळ्याच कंपन्या फेडू लागल्या की कुणाच्याच मालाला पुरेसा ग्राहक राहत नाही.

दुसरी अडचण किमतींची होती. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून भाव हळूहळू उतरू लागले. दर शून्य असला आणि भाव वर्षाला १ टक्क्याने घटत असले, तर कर्जदाराला खरा भार १ टक्क्याचा पडतो, कारण परत करायचा येन घेतलेल्या येनपेक्षा जास्त मोलाचा झालेला असतो. हा भार उतरवायला व्याजाचा जाहीर दर शून्याखाली न्यावा लागतो. मात्र ठेवीवर बँक पैसे कापू लागली तर लोक नोटा घरात ठेवतील, म्हणून तिकडे फार दूर जाता येत नाही.

मार्च २००१ मध्ये बँक ऑफ जपानने दराऐवजी पैशाच्या परिमाणावर लक्ष वळवलं. व्यापारी बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या शिलकीचं लक्ष्य ५ लाख कोटी येनपासून सुरू होऊन २००४ पर्यंत ३० ते ३५ लाख कोटींवर गेलं. बँकांची शिल्लक फुगली, पण त्यांनी दिलेली कर्जं या काळात बहुतेक वर्षं आक्रसतच गेली. सापळा ओळखायची खूण मला तरी हीच वाटते. नुसता दर कमी असणं पुरेसं नाही. अर्थात मागणीची मरगळ हे एकच कारण नव्हतं. बुडीत कर्जांनी बेजार झालेल्या बँकाही हात आखडून होत्या, आणि यातला नेमका किती वाटा कोणाचा यावर अजून वाद आहे.

अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९८ मध्येच वेगळा उपाय सुचवला होता. आज पैसा ओतून काही होत नाही, कारण भाव चढू लागताच मध्यवर्ती बँक तो परत खेचून घेईल असं सगळे धरून चालतात. तेव्हा भविष्यात महागाई होऊ देण्याचं वचन द्या आणि लोकांना ते खरं वाटू द्या. सांगायला सोपं, पण महागाई रोखणारी म्हणून नाव कमावलेल्या संस्थेवर असा विश्वास बसणार कसा? ऑगस्ट २००० मध्ये भाव अजून घसरत असताना बँक ऑफ जपानने दर पाव टक्क्यावर नेला आणि काही महिन्यांतच तो मागे घ्यावा लागला. २०१३ मध्ये बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी दोन वर्षांत २ टक्के महागाईचं उद्दिष्ट जाहीर केलं, २०१६ मध्ये दर शून्याखालीही गेला, तरी ते उद्दिष्ट टिकाऊपणे गाठलं गेलं नाही. शेवटी २०२२ पासून महागलेलं इंधन, आयात माल आणि घसरलेला येन यांनी भाव वर ढकलले, आणि मार्च २०२४ मध्ये उणे दर संपले.