रेंज बदलली म्हणजे ट्रिम झालं असं नाही

आमच्या भागात गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी साखर कारखान्यांत प्रेशर मोजून ते करंटच्या रूपात कंट्रोल रूमला कळवणारे ट्रान्समीटर तपासायची एकच गडबड असते, आणि दरवर्षी कुणीतरी नवीन पोरगा येऊन सांगतो, "दादा, रीडिंग कमी दाखवत होतं, मी ट्रिम करून टाकलं." बघायला गेलं तर त्यानं रेंज बदललेली असते. ट्रान्समीटरशी बोलायचं हातातलं यंत्र म्हणजे हार्ट कम्युनिकेटर, त्यावर दोन्ही मेनू जवळजवळच असतात आणि दोन्हींनी कंट्रोल रूममधला आकडा हलतो, त्यामुळं घोळ होतो.

आधी एक गोष्ट. चार ते वीस मिलीअँपच्या त्याच दोन वायरवर हार्टचा बारीक सिग्नल चढवलेला असतो, फक्त अर्धा मिलीअँप वर आणि अर्धा खाली, १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत. सरासरी शून्य येते म्हणून मूळ करंटला धक्का लागत नाही. या वायरच्या फेऱ्यात, म्हणजे लूपमध्ये, साधारण २५० ओहमचा रेझिस्टन्स मात्र लागतो, नाहीतर पॉवर सप्लाय तो सिग्नल गिळून टाकतो आणि कम्युनिकेटर नुसताच शोधत बसतो.

आता खरी गंमत. कम्युनिकेटरवर AO म्हणजे आउटपुट करंट म्हणून १२.०० मिलीअँप दिसतं ना, ते बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये मोजलेलं नसतंच भावा! ट्रान्समीटर प्रेशर बघतो, रेंज बघतो आणि हिशोब करून "मी एवढा करंट सोडतोय" असं सांगतो. वायरमध्ये खरंच किती चाललंय ते सिरीजमध्ये लावलेला चांगला मीटरच सांगणार.

रेंज म्हणजे नुसता करार: चार मिलीअँप म्हणजे किती बार आणि वीस म्हणजे किती बार. तोच करार कंट्रोल रूमनंही पाळायचा असतो. ट्रिम म्हणजे चुकलेला काटा सरळ करणं, आणि त्यातही दोन जागा आहेत, सेन्सर ट्रिम प्रेशर वाचण्यातली चूक काढतो आणि आउटपुट ट्रिम करंट सोडण्यातली.

आमच्याकडं एका फीडवॉटर लाइनवर झालेलं सांगतो. दोन्हीकडं रेंज शून्य ते दहा बार. टेस्ट गेज पाच बार, कम्युनिकेटरवर PV, म्हणजे ट्रान्समीटरनं वाचलेलं प्रेशर, तेही पाच बार, AO १२.००, सगळं ठीक. पण कंट्रोल रूममध्ये ४.९ बार. लूपमध्ये मीटर घातला तर ११.८४ मिलीअँप. म्हणजे सेन्सर बरोबर, हिशोब बरोबर, फक्त करंट सोडताना ०.१६ कमी पडतोय.

पोरानं काय केलं, URV म्हणजे वीस मिलीअँपला धरलेलं रेंजचं वरचं टोक, ते दहावरून ९.८ बार केलं. पाच बारला कंट्रोल रूममध्ये बरोबर पाच आलं आणि गडी खूश! पण लाइन रिकामी केल्यावर हिशोबानं चार यायला हवेत तिथं तेच ०.१६ कमी, म्हणजे ३.८४, आणि स्क्रीनवर उणे ०.१ बार. उलट नऊ बारला जवळपास ९.०८ दिसायला लागलं. चूक एका जागी झाकली आणि दोन्ही टोकांना बाहेर पडली, वर कागदावर दहा आणि ट्रान्समीटरमध्ये ९.८ अशी पुढच्या माणसाला फसवणूक.

आम्ही URV परत दहा केला आणि कंट्रोलर मॅन्युअलवर घ्यायला सांगितलं, हे विसरायचं नाही, कारण नंतर करंट आपण हातानं हलवणार आणि ऑटोवर असेल तर व्हॉल्व्ह त्याच्या मागं पळणार. मग लूप टेस्टमधून चार सोडला तर मीटरवर ३.८४, वीस सोडला तर १९.८४. दोन्हीकडं सारखाच फरक, म्हणजे आउटपुट ट्रिमचंच काम. ट्रिममध्ये ट्रान्समीटर चार सोडतो, मीटरवर दिसलेला आकडा आपण भरायचा, मग वीसला तेच. परत तपासलं तर ४.०० आणि २०.००. मीटर मात्र कॅलिब्रेट केलेला हवा, नाहीतर मीटरचीच चूक ट्रान्समीटरला चिकटवून बसाल.

खाली बरोबर आणि वर १८ च्या आसपास करंट अडकला असेल तर ट्रिमला हात लावू नका, तिथं बहुतेक व्होल्टेज पुरत नाही, टर्मिनलवर व्होल्टमीटर लावून बघा. आणि पावसाळ्यानंतर जंक्शन बॉक्समध्ये ओल असेल तर ती स्वतःच थोडा करंट पिते, आकडा वर-खाली होत राहतो, अशा वेळी ट्रिम केलं तर बॉक्स वाळला की परत चूक. आधी झाकण उघडून बघा राव.

सेन्सर ट्रिमची पाळी कधी येते, तर टेस्ट गेज आणि PV मध्येच फरक असेल तेव्हा. झिरो ट्रिम करताना खरंच शून्य प्रेशर असायला हवं, लाइन व्हेंट न करता बटण दाबलं तर त्या वेळचं प्रेशरच शून्य होऊन बसतं आणि हे आम्ही पण एकदा करून बसलोय.