रात्री ११ ला बंद पडणारा डीव्हीआर

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत आठ कॅमेरे आहेत, सगळे साधे १२ व्होल्टवाले, आणि गेले कित्येक महिने तक्रार एकच की त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर रोज रात्री ११ च्या आसपास बंद पडून परत चालू होतो, कधी एकदा कधी चारपाच वेळा. शिवाय गेटचा कॅमेरा तर संध्याकाळ झाली की गायबच. कॅमेरेवाला येऊन गेला, दुपारी आला, मीटर लावला, १२ व्होल्ट बरोबर दिसले, म्हणाला सेटिंगमध्ये कुणीतरी ऑटो रीबूट टाकलं असेल. बघितलं तर तसं काही नव्हतं. मग कॅमेरा बदलला, तरी तेच.

मला वाटतं इथेच बहुतेक लोक अडकतात. दुपारी मोजलेले १२ व्होल्ट खोटे नसतात, पण ते दुपारचे असतात.

मी आधी डीव्हीआरचा लॉग काढला. गेटचा कॅमेरा जायची वेळ जूनमध्ये साडेसातच्या सुमारास होती आणि नोव्हेंबरअखेर सव्वासहा, म्हणजे ती सूर्यास्ताबरोबर सरकत होती. डीव्हीआरची वेळ मात्र बारा महिने ११ च. याचा अर्थ एक नाही, दोन वेगळे बिघाड. ११ ला काय होतं ते वॉचमनकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "काही नाही साहेब, मी पार्किंगच्या ट्यूबा बंद करतो." आणि पुढे सहज म्हणाले की अंधार पडल्यावर गेटचा कॅमेरा सारखा टिक् टिक् करतो.

त्या टिक् मध्ये अर्धं उत्तर आहे. कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक छोटा फिल्टर असतो, तो दिवसा इन्फ्रारेड किरण अडवतो. अंधार झाला की तो बाजूला सरकतो, त्याचा टिक् असा आवाज येतो, आणि त्याच वेळी पुढचे इन्फ्रारेडचे, म्हणजे आयआर एलईडी पेटतात. दिवसा जो कॅमेरा साधारण ३ वॅट खातो तो आता ५ वॅट मागतो. दर मिनिटाला टिक् टिक् म्हणजे कॅमेरा चालू होतोय, अंधार बघतोय, एलईडी लावतोय, मरतोय, परत चालू होतोय. हे तपासायला रात्रीची वाट बघायची पण गरज नाही, भर दुपारी कॅमेऱ्याचं तोंड काळ्या कापडाने नीट झाकलं की एलईडी पेटतात. मी झाकलं आणि कॅमेरा तिथल्या तिथे गेला.

आता गेट पॉवरच्या डब्यापासून ६० मीटर लांब. वायर नेहमीची थ्री प्लस वन, म्हणजे व्हिडिओची एक आणि सोबत केसासारख्या तीन बारीक तारा, पॉवर त्यातल्याच दोन तारांतून. करंटला जायचं आणि यायचं असतं म्हणून तार मोजायची १२० मीटर. डब्यापाशी १२ व्होल्ट, आणि गेटपाशी दुपारी, कॅमेरा जोडलेला असताना, ९.२. पिन काढून मोजलं की लगेच पूर्ण १२ दिसतात, कारण करंटच वाहत नाही तर तारेत काही पडणार कुठून! कॅमेरेवाला पिन काढूनच मोजत होता. करंट होता ०.३३ अँपिअर, तारेत गेले २.८ व्होल्ट, भागाकार केला तर तारेचा रोध साधारण साडेआठ ओहम.

पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो. कॅमेऱ्याच्या आतला कन्व्हर्टर ठरलेली पॉवर मागतो, व्होल्टेज कमी मिळालं तर तो करंट जास्त ओढतो, करंट वाढला की तारेत आणखी व्होल्टेज पडतं, मग तो आणखी ओढतो. ही उतरण कुठवर जाते? तारेत आणि कॅमेऱ्यात व्होल्टेज निम्मं निम्मं वाटलं गेलं, म्हणजे ६ आणि ६, तिथे त्या तारेची कमाल होते. ६ भागिले साडेआठ म्हणजे ०.७ अँपिअर, गुणिले ६ व्होल्ट, ४.२ वॅट. याच्यापेक्षा जास्त पॉवर १२ व्होल्टवर त्या तारेतून गेटपर्यंत पोचूच शकत नाही, डब्यात १२ व्होल्ट देणारा एसएमपीएस कितीही मोठा बसवा. कॅमेऱ्याला ३ वॅट हवेत तोवर निभतं, ५ मागितले की संपलं. म्हणून नवीन कॅमेरा लावूनही फरक पडला नव्हता.

काही जण यावर एसएमपीएसवरचा स्क्रू फिरवून व्होल्टेज १४ करतात. तसं करू नका, डब्याजवळच्या कॅमेऱ्याला ते सगळे १४ मिळतात आणि तो उन्हाळ्यात जळतो. आम्ही पॉवरसाठी वेगळी दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली. तांब्याच्या त्या वायरचा रोध १२० मीटरला साधारण १.४ ओहम, ५ वॅटला पडतात जेमतेम ०.६ व्होल्ट.

गेट सुटलं, ११ चं कोडं राहिलं. ट्यूबा बंद झाल्या की पार्किंगचे चार कॅमेरे एकदम आयआरवर जातात. सगळ्यांना मिळून एकच १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस, आणि डीव्हीआरसुद्धा त्याच्यावरच जोडलेला. दिवसा क्लॅम्पमीटरवर ३.४ अँपिअर, ११ नंतर ४.९. म्हणजे कागदावर बसतंय, काठावर पण बसतंय. मीटरवर ११.६ व्होल्ट. मग डीव्हीआर का पडतो?

मीटर सरासरी दाखवतो म्हणून. मित्राच्या लॅबमधला ऑसिलोस्कोप आणून लावला तेव्हा ते ११.६ सरळ रेष नव्हतेच, सेकंदाला १०० वेळा खड्डे पडत होते आणि तळ साडेनऊच्या खाली जात होता. यालाच रिपल म्हणतात. घरातली एसी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, ती सरळ केली की १०० उंचवटे होतात, आणि दोन उंचवट्यांमधली दरी भरायचं काम एसएमपीएसमधला मोठा कॅपॅसिटर करतो, पाण्याच्या टाकीसारखा. पत्र्याच्या डब्यात, गच्चीवरच्या उन्हात, वर्षानुवर्षं राहून त्याच्यातलं रसायन सुकतं आणि टाकी लहान होते. ३.४ अँपिअरला तेवढी पुरते, ४.९ ला दरी भरायच्या आत रिकामी होते. तेवढ्या एका खड्ड्यात डीव्हीआर रीसेट होतो, परत चालू होताना हार्डडिस्क फिरायला लागते आणि तेवढे काही सेकंद तीच दोनेक अँपिअर मागते, म्हणून एकदा पडला की लागोपाठ पडायचा. स्कोप नसेल तर पडद्यावर बघा, चित्रात सावकाश वर सरकणारे आडवे पट्टे दिसले तर संशय इथेच घ्यावा.

एसएमपीएस उघडून कॅपॅसिटर बघायचा मोह होतो, पण त्यात प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्टपर्यंत राहू शकतात, ते काम रिपेअरवाल्यालाच द्या. आम्ही तर तो बदललाच. कॅमेऱ्यांना १० अँपिअरचा नवीन, डीव्हीआरला त्याचा स्वतःचा वेगळा अडॅप्टर, आणि डबा गच्चीवरून जिन्याखाली सावलीत. त्या रात्री ११ ला मी आणि काका दोघंही पार्किंगमध्ये उभे होतो, ट्यूबा गेल्या, चार टिक् एकामागोमाग आले, गेटपाशी मीटरवर ११.४, आणि स्क्रीनवर आठही चौकोन तसेच चालू.