दोन निवेदक, दोन काळ : कादंबरीतील विभागणीची पारख

दोन निवेदक आळीपाळीने आपापल्या काळाविषयी बोलतात, अशा कादंबरीत ही विभागणी फळली की नाही, हे ताडण्याची एक मेहनतीची पण खात्रीची रीत आहे. पुस्तक आधी छापलेल्या क्रमाने वाचावे. मग एका निवेदकाची सगळी प्रकरणे सलग वाचावीत, नंतर दुसऱ्याची. सलग वाचताना काही हरवले नाही, उलट कथा सरळ आणि वेगाने गेली, तर विभागणी वरून लादलेली आहे.

गोव्याच्या सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात. त्यावर एक कादंबरी कल्पून पाहू. आजी गाव उठले त्या दिवसांविषयी सांगते, नात आजच्या मे महिन्यात तिथल्या चौथऱ्यावर उभी आहे. गाव बुडणार हे वाचकाला आधीच ठाऊक असल्याने आजीच्या प्रकरणांत ‘गाव वाचेल का?’ ही ओढ उरत नाही. तिथे ‘कोण कशापायी कबूल झाले?’ हाच प्रश्न वाचकाला धरून ठेवतो. लेखक पहिल्या प्रश्नावरच प्रकरणे तोडत राहिला, तर आजीची पाने नुसती चाळली जातात.

सातव्या प्रकरणात नातीला भरपाईच्या कागदावर आजोबांचा अंगठा सापडतो, वाड्यावरचा सर्वांत पहिला. आजोबांनी गाव विकला, असे ती धरून चालते. दहाव्यात आजीने तोच प्रसंग फक्त सविस्तर सांगितला, तर ती पाने वाया गेली; बहुतेक फसलेल्या कादंबऱ्या इथेच फसतात. पण नवरा नको म्हणत असताना तिनेच त्याचा हात धरून अंगठा उठवला, असे आजीने सांगितले, तर सातवे प्रकरण मागे फिरून बदलते. शिवाय अकराव्यात नात आजोबांविषयी कडवटपणे बोलते, तेव्हा वाचकाला तिच्याहून अधिक ठाऊक असते. हा लाभ दोन निवेदकांविना मिळाला नसता. म्हणून प्रत्येक महत्त्वाची गोष्ट वाचकाला प्रथम कुठे कळली ते समासात पेन्सिलीने टिपावे आणि ती दुसऱ्यांदा आली की तिचा अर्थ हलला का, ते पाहावे. पुढे नातीला आजीची वही सापडली, तर चार ओळी पुरतात. वाचकाला माहीत असलेले तिने पानभर वाचत बसू नये.

आवाज तपासताना प्रकरणाचे शीर्षक झाकावे. निवेदक कोण, हे पहिल्या पाच-सहा ओळींत कळायला हवे. आजीच्या मराठीत कोंकणी शब्द पेरले म्हणजे आवाज वेगळा झाला, असे नव्हे. तिने जमीन कुळागरातल्या माडा-पोफळींवरून मोजावी, नातीने भरपाईच्या कागदावरल्या चौरस मीटरांत.