बिघ्यापासून चौरस किलोमीटरपर्यंत : जिल्ह्यांच्या क्षेत्रफळांची तुलना आणि तिच्यामागचा मोजणीचा इतिहास

पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ 15,643 चौरस किलोमीटर आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचे 17,048 चौरस किलोमीटर, हे आकडे जनगणनेच्या पुस्तिकांत शेजारी शेजारी वाचले तर तुलना सरळ आहे. मात्र जिल्ह्याचे क्षेत्रफळ एकाच ठिकाणी आणि एकाच एककात क्वचितच सापडते. कृषी खात्याच्या तक्त्यांत ते हेक्टरमध्ये असते, जुन्या गॅझेटियरमध्ये चौरस मैलांत, आणि गावच्या कागदांवरून बेरीज करत जाणाऱ्यासमोर एकर-गुंठे येतात. ही एकके वेगवेगळ्या काळांतल्या राज्यकारभारांनी वेगवेगळ्या हेतूंनी आणलेली आहेत, आणि रूपांतरातल्या बहुतेक चुकांचे मूळ त्या इतिहासातच आहे.

मराठी मुलुखात जमीन आधी काठीने मोजली जात असे. वीस चौरस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा, असे ते कोष्टक होते. काठीची लांबी हात आणि मुठी यांवर ठरत असल्यामुळे एका परगण्याचा बिघा दुसऱ्या परगण्याच्या बिघ्याशी तंतोतंत जुळेलच याची खात्री नव्हती. सारा गावापुरता ठरवायचा असेल तोवर याने फारसे अडत नसे.

कंपनी सरकारला मात्र सगळ्या इलाख्यासाठी एकच माप हवे होते. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी पाहणी सुरू केली, तिच्यातून पुढे मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणीची पद्धत उभी राहिली. या पद्धतीत 33 फुटांची आणि सोळा आण्यांत विभागलेली साखळी वापरली जाई. इंग्लंडात गंटर यांनी सतराव्या शतकात रूढ केलेल्या 66 फुटी साखळीची ही निम्मी होय. अशी एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, म्हणजेच 1,089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे मिळून 43,560 चौरस फुटांचा एकर. इंग्रजी एकर आपल्याकडे चाळिसाच्या हिशेबात बसला तो असा, आणि तोच आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे.

हेक्टरचा उगम अगदी वेगळ्या ठिकाणचा आहे. फ्रान्समध्ये 1795 च्या कायद्याने मीटर ठरवताना जमिनीसाठी 100 चौरस मीटरचे ‘आर’ हे एकक ठरवले गेले, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. भारताने 1956 च्या वजन-मापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारल्यानंतर ती टप्प्याटप्प्याने जमिनीच्या दप्तरातही आली. आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन खान्यांत लिहिलेले असते. चौरस किलोमीटर मात्र शेताच्या कामाचा नव्हे, नकाशाच्या आणि जनगणनेच्या कामाचा. त्यात बरोबर शंभर हेक्टर बसतात, त्यामुळे या दोन एककांमध्ये अडखळण्यासारखे काही नाही.

अडखळायला होते ते एकरापाशी. 2.20 हा आकडा जुन्या उताऱ्यावर दोन एकर वीस गुंठे असतो, म्हणजे दशांशात अडीच एकर. त्यातले टिंब दशांशचिन्ह नाही, दोन एककांमधली ती केवळ भिंत आहे. तीस गुंठे आणि वीस गुंठे अशा दोन तुकड्यांची बेरीज संगणकाच्या तक्त्यात 0.30 अधिक 0.20 अशी केली, तर उत्तर 0.50 येते. खरे उत्तर एक एकर दहा गुंठे आहे. त्यातच तक्ता 2.20 मधले शेवटचे शून्य गाळून 2.2 दाखवू लागला, तर वाचणाऱ्याला ते दोन एकर दोन गुंठे वाटते. ही चूक ओळखण्याची एक सोपी खूण आहे: टिंबानंतरचा आकडा कधीच 39 च्या पुढे जात नसेल, तर तो रकाना एकर-गुंठ्यांचा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग गुंठ्यांना 40 ने भागूनच पुढे जायला हवे. हेक्टर-आरमध्ये आर शंभराने वाढत असल्यामुळे टिंब दशांशचिन्हासारखे वागते. तिथे जपायचे ते एवढेच, की एक हेक्टर पाच आर हे 1.5 नव्हे, 1.05 असे लिहायचे.

दुसरी अडचण व्यवहारातल्या पूर्णांकाची. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, हे बोलण्यापुरते चालते. प्रत्यक्षात तो 2.47105 एकर, म्हणजे दोन एकर आणि जवळजवळ 19 गुंठे एवढा असतो. फरक सव्वा टक्क्याच्या आसपासचा, म्हणून कोणी मनावर घेत नाही. आता पुणे जिल्हा घ्या. 15,643 चौरस किलोमीटर म्हणजे 15,64,300 हेक्टर, अडीचने गुणल्यावर 39,10,750 एकर, आणि काटेकोर गुणकाने सुमारे 38,65,460 एकर. पंचेचाळीस हजारांहून अधिक एकर हवेतून आले, आणि ते मुंबई शहर जिल्ह्याच्या क्षेत्रफळाहून जास्त आहेत.

दोन्ही जिल्ह्यांना हाच ढोबळ गुणक लावला, तर निदान त्यांचे प्रमाण बिघडत नाही. खरी गफलत होते ती एका जिल्ह्याचा आकडा एका कागदावरून आणि दुसऱ्याचा दुसऱ्या कागदावरून उचलल्यावर. अहिल्यानगरचे काटेकोर गुणकाने सुमारे 42,12,650 एकर होतात. ते पुण्याच्या ढोबळ आकड्याशेजारी ठेवले, तर दोन जिल्ह्यांतला फरक 3 लाख 2 हजार एकरांच्या आसपास दिसतो. वास्तविक तो 1,405 चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे 3 लाख 47 हजार एकर आहे. मूळ आकड्यातली सव्वा टक्क्याची चूक वजाबाकीत तेरा टक्क्यांची झाली. म्हणून वजाबाकी आधी मूळ एककात करावी आणि रूपांतर त्या उत्तराचे करावे, हाच क्रम मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

जुन्या गॅझेटियरकडे वळल्यावर मैलाचा प्रश्न येतो. मैलाचे 1.609 किलोमीटर होतात हे पाठ असलेला माणूस चौरस मैलांनाही त्याच आकड्याने गुणतो. क्षेत्रफळासाठी तो गुणक स्वतःशी गुणून 2.59 घ्यायचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्हा सुमारे 5,350 चौरस मैलांचा नोंदला गेला आहे. बरोबर गुणकाने ते 13,856 चौरस किलोमीटर होतात, चुकीच्या गुणकाने 8,608, आणि मग जिल्हा जवळपास दुप्पट झाल्याचा भास होतो.

बरोबर गुणक लावूनही जुन्या आणि आजच्या आकड्यांत जे अंतर उरते, ते रूपांतराने मिटणारे नाही, कारण मधल्या काळात हद्दीच बदलल्या. भोर संस्थान 1948 मध्ये विलीन झाले आणि भोर व वेल्हे हे भाग पुणे जिल्ह्यात आले. अलीकडचे उदाहरण ठाण्याचे आहे. 2011 च्या जनगणनेत 9,558 चौरस किलोमीटर असलेला हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाल्यावर 4,214 वर आला, आणि उरलेले 5,344 पालघरचे झाले. दोन वर्षांच्या तक्त्यांतून ठाण्याचे आकडे उचलणाऱ्याने आधी तारीख पाहावी.

हद्द तीच असली तरी मोजणारे खाते वेगळे असेल, तर थोडी तफावत राहतेच. राज्याचे क्षेत्रफळ जनगणनेत 3,07,713 चौरस किलोमीटर आहे, तर जमीन-वापराच्या कृषी आकडेवारीत 307.58 लाख हेक्टर. दुसऱ्या आकड्याचे 3,07,580 चौरस किलोमीटर होतात, म्हणजे फरक 133 चौरस किलोमीटरचा. एकात नकाशावरून काढलेले क्षेत्र आहे आणि दुसऱ्यात गावनिहाय दप्तरांची बेरीज आहे, त्यामुळे इथे गुणकाची चूक शोधत बसण्यात अर्थ नाही. तुलना करताना दोन्ही जिल्ह्यांचे आकडे एकाच खात्याकडून घ्यावेत.