टँकरचं बजेट नक्की कोणत्या महिन्यात संपलं?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे खजिनदार काका सगळे हिशोब एक्सेलमध्ये ठेवतात आणि मराठीत ठेवतात, म्हणजे तारीख, टँकर किती, पैसे किती आणि शेवटच्या कॉलममध्ये महिन्याचं नाव. 2024-25 ला पाण्याच्या टँकरसाठी 3 लाखांचं बजेट होतं, खर्च झाला 3 लाख 60 हजार. मीटिंगच्या आधी त्यांनी माझ्याकडून पिवट, म्हणजे नोंदी गटवार जोडून दाखवणारा एक्सेलचा तक्ता, करून घेतला, महिन्यांच्या समोर खर्च आणि शेजारी चढती बेरीज, म्हणजे त्या महिन्यापर्यंत एकूण किती झाले ते. मीटिंगमध्ये कागद फिरला आणि एका काकूंनी पहिलाच प्रश्न टाकला, "अहो, मे महिन्यातच तीन लाख ओलांडले म्हणताय, मग जूनपासून पैसे कुठून दिले?"

खजिनदार काका गप्प झाले, कारण कागदावर खरंच तसं होतं. मे च्या ओळीत चढती बेरीज 3 लाख 52 हजार. आणि प्रत्यक्षात एप्रिलचे 62 हजार आणि मे चे 70 हजार मिळून मे अखेर फक्त 1 लाख 32 हजार गेले होते. एकही आकडा खोटा नव्हता, खालची एकूण बेरीजही बरोबर होती. चूक फक्त ओळींच्या क्रमात होती, आणि ती माझी होती.

झालं काय ते सांगतो. कॉम्प्युटरसाठी "एप्रिल" हा महिना नाही, अक्षरांची एक ओळ आहे. मजकूर क्रमाने लावायचा म्हणजे तो पहिलं अक्षर बघतो, सारखं असेल तर दुसरं, शब्दकोशात लावतात तसं, स्वर आधी, मग व्यंजनं. त्यामुळे आपले महिने असे लागतात: एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे, सप्टेंबर. मे अकराव्या नंबरवर गेला, त्याच्या आधीच्या दहा महिन्यांचे पैसे त्याच्या डोक्यावर बसले आणि तीन लाख तिथेच ओलांडले गेले. चढती बेरीज ओळी दिसतात त्या क्रमाने होते, तिला पंचांग माहीत नसतं.

यातली फसवी गोष्ट म्हणजे एप्रिल. आपलं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि बाराखडीतही एप्रिलच पहिला येतो, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलं तरी April च पहिला. म्हणजे रिपोर्ट उघडून वरची ओळ बघितली की सगळं बरोबर वाटतं, मलाही वाटलं. तेव्हापासून मी पहिली ओळ बघतच नाही, दुसरी आणि शेवटची बघतो, मे आणि मार्च तिथे नसतील तर कागद बाहेर जात नाही.

बरं, महिने इंग्रजीत लिहिले असते तर सुटलो असतो का? नाही. एक्सेलमध्ये January ते December आणि Jan ते Dec अशा तयार याद्या आधीपासून असतात, त्यांना कस्टम लिस्ट म्हणतात, आणि पिवट त्या आपोआप वापरतो. म्हणून इंग्रजी महिने बाराखडीने न लागता जानेवारीपासून लागतात. मराठी महिन्यांची अशी यादी माझ्या एक्सेलमध्ये नव्हती म्हणून आमची गाडी बाराखडीवर गेली. पण जानेवारीपासून लावलं तर 2025 चे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे 2024 च्या एप्रिलच्या आधी येतात. मी नंतर तेही करून बघितलं, तेव्हा बजेट ऑगस्टमध्ये संपलं असं आलं. आणि खरा क्रम, एप्रिल ते मार्च, लावला तेव्हा कळलं की जानेवारी अखेर 2 लाख 70 हजार झाले होते आणि फेब्रुवारीत 3 लाख 8 हजार. म्हणजे डेटा तोच, बेरीज तीच, आणि "बजेट कधी संपलं" या प्रश्नाला मे, ऑगस्ट आणि फेब्रुवारी अशी तीन उत्तरं. पावसाळ्यात टँकर कमी होतात आणि फेब्रुवारीपासून परत वाढतात हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही माहितीये, खऱ्या क्रमातच ते आकड्यात दिसलं.

आता दुरुस्ती. पहिला रस्ता म्हणजे आपली स्वतःची कस्टम लिस्ट. `File > Options > Advanced` मध्ये खाली जायचं, `Edit Custom Lists` वर क्लिक करायचं, एप्रिल ते मार्च एकाखाली एक टाइप करून `Add`. मग पिवट रिफ्रेश करून महिन्याच्या फील्डवर परत `Sort A to Z` केलं की महिने आपल्या क्रमाने लागतात. दोन मिनिटांचं काम आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण ही यादी त्या मशीनच्या सेटिंगमध्ये राहते. खजिनदार काकांनी घरच्या लॅपटॉपवर नवीन पिवट केला की परत बाराखडी, आणि त्यांना कळणारही नाही, कारण वर एप्रिल दिसतोय ना.

म्हणून क्रम मशीनमध्ये न ठेवता डेटातच ठेवावा असं माझं ठाम मत झालंय. तारखेवरून महिन्याचा आर्थिक वर्षातला नंबर काढायचा, एप्रिलला 1, मार्चला 12. तारीख A कॉलममध्ये आहे असं धरा, आणि H2 पासून H13 पर्यंत एप्रिल ते मार्च ही बारा नावं एकदाच लिहून ठेवा. मग रिकाम्या E2 आणि F2 मध्ये हे टाका:

```
=MOD(MONTH(A2)+8,12)+1
=TEXT(E2,"00")&" "&INDEX($H$2:$H$13,E2)
```

पहिल्या ओळीत जादू काही नाही. `MOD` म्हणजे भागाकारातली बाकी. एप्रिल म्हणजे 4, त्यात 8 मिळवले की 12, बाराने भागल्यावर बाकी 0, अधिक 1 म्हणजे 1. जानेवारी म्हणजे 1, अधिक 8 म्हणजे 9, बाकी 9, अधिक 1 म्हणजे 10, म्हणजे आर्थिक वर्षातला दहावा महिना, बरोबर. काहीजण 8 मिळवण्याऐवजी 4 वजा करतात, एक्सेलमध्ये तेही चालतं, पण बऱ्याच डेटाबेसमध्ये ऋण संख्येची बाकी ऋणच येते आणि जानेवारी ते मार्च बिघडतात, त्यामुळे 8 मिळवायची सवय बरी.

दुसऱ्या ओळीने "01 एप्रिल", "02 मे" अशी लेबलं तयार होतात आणि पिवटमध्ये हाच कॉलम टाकायचा. शून्य लावायला विसरू नका, कारण शेवटी हा मजकूरच आहे आणि मजकुरात "10 जानेवारी" हा "2 मे" च्या आधी लागतो. कुणी म्हणेल की नंबरचा वेगळा कॉलम पिवटमध्ये महिन्याच्या आधी टाकला तर लेबलं सुंदर राहतील, दिसायला हो, पण मग महिना त्या नंबरच्या पोटात जातो आणि महिन्यावर लावलेली चढती बेरीज प्रत्येक नंबरला परत शून्यापासून सुरू होते. सोसायटीच्या कागदावर "01 एप्रिल" दिसलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

नाव हाताने टाइप न करता तारखेवरून काढल्याचा अजून एक फायदा झाला. आमच्या जुन्या कॉलममध्ये फेब्रुवारी आणि फेब्रूवारी असे दोन महिने निघाले, एक ऱ्हस्व एक दीर्घ, आणि पिवटला ते दोन वेगळे वाटतात.

मात्र तारखा नीट हव्यात. तारखेचा रकाना रिकामा राहिला तर एक्सेलचं `MONTH` त्याला 1 देतं, म्हणजे तारीख विसरलेली प्रत्येक पावती गुपचूप जानेवारीत जाऊन बसते, एरर येत नाही. जानेवारी विनाकारण फुगलेला दिसला की मी आधी रिकाम्या तारखा फिल्टर करतो. दुसरं म्हणजे मशीनची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर 05/04/2024 ही 5 एप्रिल न राहता 4 मे होते. 12 तारखेनंतरच्या तारखा मात्र तशा वाचताच येत नाहीत, त्या मजकूर म्हणून राहतात आणि रकान्यात डावीकडे चिकटतात. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की हेच झालेलं असतं.

हाच प्रश्न आमच्या तक्रारींच्या रजिस्टरमध्ये आला. तिथे प्रत्येक तक्रारीला तातडीचं, मध्यम किंवा निवांत असं लेबल असतं. बाराखडीने लावलं की तातडीचं, निवांत, मध्यम, म्हणजे परत पहिली ओळ बरोबर आणि मधलं लेबल तळाला. इंग्रजीत High, Low, Medium मध्येही हेच होतं. इथे तारखेसारखं काही नाही ज्यावरून नंबर काढता येईल, महत्त्व माणसांनी ठरवलेलं असतं, ते लिहूनच ठेवावं लागतं. म्हणून K आणि L कॉलममध्ये छोटा तक्ता: तातडीचं 10, मध्यम 20, निवांत 30. दहादहाचं अंतर मुद्दाम, उद्या "लिफ्ट बंद" असं तातडीच्याही वरचं लेबल आलं तर त्याला 5 देता येतो, बाकीचे हलवायला नकोत. लेबल D कॉलममध्ये आहे असं धरा, त्याचा नंबर असा काढायचा:

```
=VLOOKUP(D2,$K$2:$L$4,2,FALSE)
```

हा नंबर आला की त्यावर सॉर्ट. शेवटचं `FALSE` महत्त्वाचं, त्याने लेबल तंतोतंत जुळलं तरच नंबर मिळतो. आमच्याकडे वॉचमन काका "तातडीचे" लिहितात, आणि कुणीतरी "तातडीचं" च्या पुढे एक स्पेस सोडली होती, ती डोळ्याला दिसत नाही. कस्टम लिस्टने लावलं तेव्हा ही दोन्ही लेबलं यादीत नाहीत म्हणून निवांतच्याही खाली गेली, काही न बोलता. पाणी गळतंय अशी तक्रार चार दिवस तळाला पडून राहिली. `VLOOKUP` ने त्याच ओळींसमोर `#N/A` दाखवलं आणि दोन्ही लगेच सापडल्या. लेबल आता ड्रॉपडाऊनमधूनच निवडायचं असं केलंय, पण तरी `#N/A` वर नजर ठेवतो.

एक राहिलंच. यंदाच्या नोंदीही त्याच शीटमध्ये यायला लागल्या की "01 एप्रिल" मध्ये दोन वर्षांचे एप्रिल एकत्र होतात, त्यामुळे आर्थिक वर्षाचा कॉलम लागतोच:

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
```

जानेवारी ते मार्च असेल तर एक वजा होतो, म्हणजे मार्च 2025 ला 2024 मिळतं आणि एप्रिल 2025 ला 2025. पिवटमध्ये हा कॉलम आडवा टाकला की दोन वर्षांचा टँकर खर्च महिन्यासमोर महिना दिसतो. खजिनदार काकांनी पुढच्या मीटिंगला तोच कागद नेला, फेब्रुवारीच्या ओळीवर पेनने गोल करून.