पोळी फाटते ती पुरणातल्या कणीमुळे

होळीला पुरणपोळी लाटताना फाटली की आपण कणकेला बोल लावतो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा पुरणातल्या डाळीच्या कणीचा निघतो.

एका होळीला मी दोन वाट्या हरभऱ्याची डाळ तीन शिट्ट्यांवर उतरवली. दाणा नखाने तुटत होता, म्हणून कट काढला आणि दोन वाट्या गूळ घातला. उरलेली कसर गुळात शिजून निघेल असं वाटलं. पाऊण तास आटवलं तरी कणी तशीच, आणि लाटताना तिने पोळीला जागोजागी भोकं पाडली.

डाळीच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. नुसत्या पाण्यात उकळताना पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. गूळ पडला की हे सगळं अडतं. त्यातली साखर पाणी धरून ठेवते, स्टार्चला ते पुरेसं मिळत नाही. शिवाय गूळ किंचित आम्ल असतो आणि त्यात कॅल्शियम असतं; गुऱ्हाळात रस निवळायला चुनासुद्धा वापरतात. कॅल्शियम पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधून टाकतं. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, तेही याचमुळे.

आता मी डाळ दोन तास भिजवते आणि पाच-सहा शिट्ट्या होऊ देते. दाणा चिमटीत दाबला की त्याचा लेप व्हायला हवा. मध्ये टणक ठिपका लागला तर डाळ परत कुकरमध्ये जाते. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं, मग आळत जातं. मधोमध रोवलेला कालथा उभा राहिला की गॅस बंद. त्यापुढे आटवलं तर पाक वाढतो आणि गार पुरण टणक होतं. पुरणयंत्रातून काढायचं तेही गरम असतानाच, कारण गार होताना स्टार्च घट्ट बसतो. तरी कोरडं वाटलं तर चमचा-दोन चमचे गरम दूध घालून मळावं.

कणीक ताणली जाते ती ग्लुटेनच्या जाळीमुळे. कोंड्याचे तुकडे ती जाळी कापतात, म्हणून पीठ बारीक चाळायचं. कणीक रोजच्या पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवून, तेल लावून दीड तास झाकून ठेवली की पीठ पाणी पुरेसं पितं आणि मळताना ताठलेली जाळी सैलावते. मग पुरणाचा गोळा आणि कणकेचा गोळा शेजारी ठेवून दोन्ही बोटांनी दाबून पाहते. पुरण घट्ट लागलं तर लाटण्याखाली ते मधेच बसून राहतं, कणीक एकटी पुढे सरकते आणि कडेला फाटते.

उंडा भरून ठेवून देऊ नये. पुरणातली साखर कणकेतलं पाणी ओढते, आतली बाजू चिकट होते आणि वरची हवेने सुकून तडकते. भरला की लगेच लाटायचा.