क्लू मोघम आहे की दुहेरी? दोन अक्षरांवरून कसं ओळखायचं

मराठी शब्दकोड्यात अडकलं की आपण सरसकट म्हणतो, क्लूच मोघम दिलाय. पण अशा अडणाऱ्या क्लूमध्ये दोन वेगवेगळ्या जाती असतात. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, एक-दोन शब्दांच्या, काहीच पत्ता न लागू देणाऱ्या, आणि सोडवायची रीत मात्र अगदी उलटी, त्यामुळे एकीची रीत दुसरीला लावली की अर्धा तास जातो आणि चौकटी रिकाम्याच राहतात.

पहिली जात खरंच मोघम. उदा. "एक फूल", चार चौकटी. अर्थ स्पष्ट आहे, फक्त उत्तरं ढीगभर आहेत. निशिगंध, सोनचाफा, सदाफुली, रातराणी, गुलबक्षी, गुलछडी, पारिजात, सगळी चार अक्षरी (आपल्याकडे एका चौकटीत काना-मात्रा-जोडाक्षरासकट एक अख्खं अक्षर जातं, म्हणून गुलबक्षीचा क्षी एकाच घरात). दुसरी जात दुहेरी. उदा. "हार". इथे उत्तरं फार नाहीत, पण शब्दालाच दोन अर्थ आहेत, गळ्यातला हार आणि हरणं. तुमच्या डोक्यात जो अर्थ आधी आला तो कोडं करणाऱ्याच्या मनात असेलच असं नाही.

नुसता क्लू वाचून हा फरक बऱ्याचदा कळत नाही. तो कळतो आडव्या-उभ्यातून दोन अक्षरं मिळाल्यावर. मनात आलेल्या सगळ्या शब्दांची यादी करायची, कागदावर केली तर उत्तमच, आणि मग ती दोन अक्षरं लावून गाळायची. गाळल्यावरही दोन-तीन शब्द उरले तर क्लू मोघम आहे. यादीच संपली, एकही शब्द उरला नाही, तर बहुतेक वेळा क्लू दुहेरी आहे आणि आपण चुकीच्या अर्थाला धरून बसलोय.

आमच्याकडे रविवारी आई आणि मी मिळून कोडं सोडवतो, तिथे हे अगदी डोळ्यांसमोर झालं. क्लू "हार", चार चौकटी, पहिल्या दोन भरलेल्या: प, रा. आईच्या डोक्यात गळ्यातलाच हार. पुष्पमाला म्हणाली, पण पहिल्या घरात प आहे, पु नाही, मराठीत उकार वेगळा म्हणजे अक्षरच वेगळं. मग फुलमाळ, तेही नाही. तिसरा शब्द सुचेना. मी म्हटलं, "अगं आई, फुलांचे सगळे संपले ना, मग हरण्याचा हार घे की." तिने एका दमात पराभव सांगितलं आणि लिहायला पेन्सिल टेकवलीसुद्धा. तिथे मी तिचा हात धरला, कारण पराजयसुद्धा बसतो.

म्हणजे बघा, एकच क्लू आधी दुहेरी होता आणि अर्थ बदलल्यावर मोघम झाला. आता रीतही बदलायची. अर्थ शोधून झालाय, नवा अर्थ शोधायचा नाही, आता फक्त दोन शब्द कुठे वेगळे होतात ते बघायचं. पराभव आणि पराजय तिसऱ्या घरात फुटतात, भ की ज. तिसऱ्या घरातून खाली जाणारा उभा शब्द दोन चौकटींचा होता, क्लू "भीती". तो नुसता वाचला तर धाक, डर, धास्ती, भेव काहीही येतं, तोही मोघमच. पण आता प्रश्न एवढाच होता की भ किंवा ज ने सुरू होणारा भीतीचा दोन अक्षरी शब्द कोणता. भय. झालं, पराभव. मला ही सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, की मोघम क्लूला छेदणारा क्लूही मोघम असला तरी चालतं, तो पूर्ण सोडवायची गरज नसते, दोन अक्षरांपैकी एक निवडण्यापुरता वापरायचा.

इथे एक फसगत होते. दोन अक्षरं मिळाली म्हणजे दोन अक्षरांची माहिती मिळाली असं नाही. समजा क्लू आहे "फसवणे", चार चौकटी, आणि शेवटची दोन घरं भरलेली, _ _ व णे. निम्मा शब्द तर आला असं वाटतं. पण गंडवणे, ठकवणे, भुलवणे तिन्ही बसतात, कारण शेवटी णे येणार हे क्लूच्या रूपावरून आधीच माहीत होतं आणि असल्या क्रियापदांत व नेहमीचाच. तेच पहिलं एक अक्षर मिळालं असतं, ठ म्हणा, तर या तिघांतला एकच उरला असता. फुलांच्या यादीतही तेच, गु ल _ _ असेल तर गुलबक्षी आणि गुलछडी दोन्ही उरतात, _ ल _ डी असेल तर एकटी गुलछडी. दोन्हीकडे अक्षरं दोनच, पण डी एकाच फुलाकडे बोट दाखवतो आणि गु-ल ही जोडी दोघींकडे. म्हणून अजून भरायचं असेल तर जिथे उमेदवार शब्द एकमेकांपासून वेगळे होतात त्या घराचा छेद आधी घ्यावा, सोपा दिसतो म्हणून कुठलाही नको.

दुहेरी क्लूचं आणखी एक लक्षण म्हणजे शेपूट. "पात्र", चार चौकटी, _ _ रे खा. पात्र म्हणजे भांडं धरलं की कमंडलू वगैरे आठवत बसतो आपण, आणि कुठल्याही भांड्याच्या शेवटी रेखा येत नाही. अशा वेळी क्लू हाताने झाकायचा आणि फक्त शेपटाचे शब्द म्हणायचे: रूपरेखा, हस्तरेखा, भाग्यरेखा, व्यक्तिरेखा. मग क्लू उघडायचा. नाटकातलं पात्र, व्यक्तिरेखा. मोघम क्लूला ही युक्ती फारशी लागत नाही, तिथे यादी आधीच हातात असते.

यादी संपण्याचं अजून एक कारण असतं आणि ते विसरलं की दुसरा अर्थ शोधण्यात उगाच वेळ जातो. हाती असलेलं अक्षरच चुकलेलं असू शकतं. गेल्या महिन्यात परत "एक फूल", चार चौकटी, आणि आमच्याकडे होतं _ _ नि णी. असं फूलच नाही. "एक फूल" ला दुसरा अर्थ काय असणार, म्हणजे दुहेरी नाही, मग अक्षरांकडे वळलो. णी आला होता "किराणा दुकानदार" च्या वाणीतून, तो पक्का, तिथे दुसरं काही बसतच नाही. नि आला होता "रात्र" साठी आम्ही लिहिलेल्या निशातून, आणि तो लिहिला तेव्हा त्याला कुठलाच छेद नव्हता, नुसता पहिला सुचला म्हणून लिहिलेला. आईने निशा खोडलं, तिथे रात लिहिलं, आणि आडवं वाचलं तर _ _ रा णी. रातराणी.